अर्जदार म्हणजे कोण?

नाशिकमधल्या मुलींच्या एका वसतिगृहात सलिमा पिंजारीला नोकरीला लागून एकोणीस वर्षं झाली होती. सगळे तिला पिंजारी मॅडम म्हणत आणि थोडं दबकूनच असत. प्रवेशाच्या दिवसांत ती अर्ज घ्यायच्या खिडकीत बसे. अर्ज हातात घेतला की तिची नजर सरळ चुकीवरच जाई. चूक दिसली की लाल पेनाने गोल, वर ‘बाद’, अर्ज फायलीत आणि माणसाच्या हातात नवा कोरा अर्ज. आपण कोणाची भीडभाड ठेवत नाही याचा तिला अभिमान होता.

गेल्या जूनच्या शेवटी सायखेड्याहून भागुबाई कुटे नावाची एक बाई आली. मुलीने आठवी केली होती, पुढचं शिक्षण नाशकात व्हावं म्हणून जागा हवी होती. सलिमाने अर्ज पाहिला. अर्जदाराचे नाव : भागुबाई कुटे. जन्मवर्ष : १९८४.

“अहो, एक्केचाळीस वर्षांची मुलगी वसतिगृहात राहणार का?” सलिमा मोठ्याने म्हणाली. रांगेतले लोक हसले. तिलाही हसू आलं.

“अर्ज तर मीच करते ना, ताई, तिच्यासाठी,” भागुबाई म्हणाली.

“वाचता येतं ना? मागे सूचना आहेत. नवा अर्ज भरा, उद्या पाचपर्यंत.”

भागुबाईने कोरा अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सलिमाच्या लक्षातही राहिलं नाही.

दिवाळीनंतर वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे सचिव खंडेराव आहेर कार्यालयात आले. साठ खाटांपैकी तेरा रिकाम्या होत्या. अर्ज सत्त्याण्णव आलेले.

“मग खाटा रिकाम्या कशा, मॅडम?”

“लोकांना साधा अर्ज भरता येत नाही, सर. पन्नास अर्ज शेवटपर्यंत बादच राहिले.”

“पन्नास लोक बेपर्वा? एकदा बघा बरं, कुठे चुकतात ते.”

सलिमाने फाईल काढली. कोणत्या रकान्यात चूक आहे ते पाहून ती टेबलावर ढीग करत गेली. पहिल्याच रकान्याचा ढीग इतका वाढला की त्याचे दोन करावे लागले. पन्नासांतले तेहेतीस. कुणी आईचं नाव लिहिलेलं, कुणी वडिलांचं, एकाने तर मामाचं, कारण अर्ज मामाने भरला होता. पुढची जन्मतारीखही त्याच माणसाची. चुकताना सगळे अगदी एकसारखे चुकले होते.

तिने कोरा अर्ज उलटला. मागे बारीक अक्षरांत अकरा सूचना होत्या. चौथी अशी : ‘अर्जदाराने स्वतःची माहिती अचूक नमूद करावी.’ भागुबाईने हेच तर केलं होतं. अर्ज तिने केला, माहिती स्वतःची दिली, आणि ती अचूक होती.

हे वाक्य कुणी लिहिलं ते सलिमाला शोधावं लागलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आधीचा अर्ज फारच साधा वाटतो म्हणून तिनेच नवा तयार केला होता. ‘नमूद’ हा शब्द तेव्हा तिला फार भारदस्त वाटला होता. ढिगात खालून सातवा भागुबाईचा अर्ज होता, त्यावर तिचा लाल गोल. तिला एकदम ते हसू आठवलं, आणि कार्यालयात कुणी नसतानाही तिचे कान तापले.

त्या आठवड्यात तिने अर्ज नव्याने लिहायला घेतला. मागच्या सूचना तिने काढूनच टाकल्या आणि ज्या रकान्याची जी गोष्ट, ती त्याच्या वरच लिहिली. ‘अर्जदार’ हा शब्द पूर्ण गेला. पहिल्या भागावर ठळक अक्षरांत आलं : ‘ज्या मुलीला वसतिगृहात राहायचे आहे, तिची माहिती.’ त्याखाली : ‘मुलीचे नाव. शाळेच्या दाखल्यावर आहे तसेच लिहा.’ जन्मतारखेला दिवस, महिना, वर्ष असे वेगळे चौकोन आखले.

रविवारी मुलींना भेटायला पालक येत. त्यांतल्या सहा जणांना तिने हा अर्ज भरायला दिला. स्वतः बाजूला बसून पेन कुठे अडतं एवढंच टिपायचं, मदत करायची नाही, असं तिने ठरवलं होतं. गप्प बसणं तिला फार जड गेलं. नाव सगळ्यांनी मुलीचंच लिहिलं. पण दोघे दाखल्यापाशी थांबले.

“कोणता दाखला? अर्ज भरतो तेव्हा शाळा सोडल्याचा हातात नसतो,” एक जण म्हणाला.

खरंच होतं. शाळा सोडायच्या आधीच अर्ज भरायचा, तर तो दाखला येणार कुठून? इतक्या वर्षांत हे तिला सुचलं नव्हतं. तिने तिथे ‘आठवीच्या गुणपत्रकावर’ असं केलं.

मग ती एका शनिवारी बस पकडून सायखेड्याला गेली. भागुबाईची पिठाची गिरणी होती. भुवयांवर पीठ, हातात फडकं. तिने सलिमाला लगेच ओळखलं.

“तुम्ही खिडकीतल्या बाई.”

“हो.” वाटेत जुळवलेली वाक्यं सलिमाला आठवेनात. “तुमचं चुकलं नव्हतं. अर्जच चुकीचा होता. तो मी लिहिला होता. आणि वर तुम्हाला हसले. मला माफ करा.”

भागुबाईने गिरणी बंद केली. पट्टा थांबल्यावर ती म्हणाली,

“माझं हसं झालं त्याचं काय नाय, ताई. पोरगी शेजारी उभी होती. आरोही. बसमधी तोंड फिरवून बसली. म्हणली, आई, मला नाय जायचं तिथं. आता ओझरला मामाकडं हाय, तिथल्या शाळेत.”

मुलगी शेजारी होती हे सलिमाला माहीतच नव्हतं. तिने खिडकीतून फक्त कागद पाहिला होता.

तिने पिशवीतून नवा अर्ज काढला. “एवढा भरून बघाल? कुठे अडतं ते मला कळेल.”

“आता कशाला?” असं म्हणत भागुबाईने तो घेतलाच. सावकाश, शब्दावर बोट ठेवून तिने भरला. नाव आरोहीचं, तारीख आरोहीची. ‘पालकाचे नाव’ या रकान्यापाशी मात्र ती थांबली आणि पुढचा रकाना भरू लागली.

“हे राहिलं,” सलिमाच्या तोंडून निघूनच गेलं.

“पालक म्हणजे बापच ना? तो नाय आता. मंग मोकळंच ठेवायचं.”

सलिमाने मान खाली घातली. इतक्या वर्षांत मोकळ्या रकान्याचे किती अर्ज आपण बाद केले, हे मोजायचीही तिला हिंमत होईना. परतीच्या बसमध्ये तिने अर्जावर लिहिलं : ‘मुलीची जबाबदारी कोणाकडे आहे? आई, वडील किंवा इतर. त्यांचे नाव व मुलीशी नाते.’

खंडेरावांना तिने छापण्याआधी सगळं सांगितलं, जुना अर्ज कुणाचा होता तेही. ते एवढंच म्हणाले, “मलाही सोळा वर्षं तो बरोबरच वाटला.” त्या बोलण्याने तिला बरं वाटलं नाही.

या जूनमध्ये एकशेदोन अर्ज आले. एक्क्याण्णव पहिल्याच वेळी बिनचूक होते. उरलेल्या अकरा घरी सलिमाने स्वतः फोन केले. साठही खाटा भरल्या.

तिने भागुबाईला मार्चमध्येच कळवलं होतं, नववी झालेल्या मुलीही घेतो म्हणून. “तिला विचारते,” भागुबाई म्हणाली होती. शेवटच्या दिवशी सलिमाने पूर्ण गठ्ठा दोनदा चाळला. आरोही कुटेचा अर्ज त्यात नव्हता. तिने फोन हातात घेतला, नंबरही काढला. पण पोरीने नाही म्हटलं असेल, तर आता पुन्हा कोणत्या तोंडाने विचारायचं, ते तिला समजेना. तिने गठ्ठ्याला दोरी बांधली आणि तो खंडेरावांच्या टेबलावर नेऊन ठेवला.