पाचव्या फेऱ्याची गाठ

पारावरच्या काकूंना खोटं बोलता येत नसे. येत नसे म्हणजे अगदी एखाद्याला पोहता येत नाही तसं. शेजारच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी सहज विचारलं, “मुलगी शांत आहे ना हो?” तर काकू म्हणाल्या, “झोपलेली असली की आहे.” लग्न झालं ते मुलीच्या नशिबाने! माझे पहिले उकडीचे मोदक त्यांनी तोंडावर “दगड” म्हणून परत पाठवले होते. मला इतका राग आला की मी आठ दिवस त्यांच्या दारावरून गेले नाही, मागच्या पायऱ्यांच्या पाखाडीने गेले. नवव्या दिवशी त्या स्वतःच उकड काढायला शिकवायला आल्या.

रत्नागिरीत आमच्या आळीच्या टोकाला वड आहे, त्याला चिऱ्यांचा पार आहे आणि समोर काकूंचं घर. म्हणून त्या पारावरच्या काकू. वटपौर्णिमेला गुरुजींना दहा ठिकाणी बोलावणी असत, त्यामुळे आमच्या वडाखाली काकूच पूजा सांगत. पोथी तोंडपाठ होती. फांद्या तोडून घरी पूजा करणाऱ्या बायकांना त्या म्हणत, “नवऱ्याचं आयुष्य मागायचं आणि झाडाचं तोडायचं? शोभतं काय गो?”

त्यांची शिस्त कडक. ताटात हळद-कुंकू, गंध, अक्षता, सुताची गुंडी, हिरव्या बांगड्या, काळी पोत, आणि फळं पाच. आंबा, गरे, जांभळं, केळं, करवंदं. आणखी सात करवंदं वेगळी, पदराच्या टोकाला बांधून. एक फेरा झाला की एक करवंद बुंध्याशी टाकायचं. “बायका फेरे घालताना गप्पा मारतात आणि साताचे आठ करतात,” असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं.

आंबा म्हणजे मात्र त्यांचा जीव. वाणाचा हापूस हातात पडला की देठाशी नाक नेऊन डोळे मिटत. एवढी करारी बाई आंब्यापुढे लहान पोर होई.

आठ वर्षांपूर्वीच्या वटपौर्णिमेला माझं काही धड नव्हतं. आमचे हे मालवाहू जहाजावर. चार दिवस फोन नव्हता. समुद्र खवळलेला, आणि कंपनीच्या ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, “संपर्क होत नाहीये, कळवतो.” चार रात्री मी झोपले नव्हते. पूजेला जायचंच नाही असं ठरवलं होतं, पण काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. “ऊठ. घरात बसून फोनकडे बघतेस, तेच वडाखाली बघ.” मी फोन कमरेला खोचला आणि गेले.

सुपारीच्या गणपतीची पूजा झाली. उजव्या तळहातावर पाणी घेऊन आम्ही काकूंच्या मागून म्हटलं, “मम भर्तुः आयुरारोग्यप्राप्तये, जन्मजन्मनि अवैधव्यप्राप्तये, सावित्रीव्रतम् अहं करिष्ये.” पाणी ताम्हनात सोडलं. दरवर्षी नुसते तोंडाने म्हणायचे ते शब्द. त्या दिवशी एकेक शब्द मोजून म्हटला.

मग मुळाशी पाणी घालताना, “वट सिञ्चामि ते मूलं सलिलैरमृतोपमैः.” बुंध्याला गंध, हळद-कुंकू. सुताचं एक टोक बुंध्याशी अडकवून, झाड उजव्या हाताला ठेवून आम्ही फिरायला लागलो. एक करवंद. दोन. तीन. गुंडी हातात सुटत होती आणि माझं सगळं लक्ष कमरेच्या फोनकडे. चार.

पाचव्या फेऱ्याला कुणीतरी पाटी लावायला झाडात ठोकलेल्या खिळ्यात माझं सूत अडकलं. मी चालतच राहिले. हाताला हिसका बसला आणि सूत तुटलं.

“अगोबाई, तुटलं!” मागची बाई ओरडली आणि मग तिनेच तोंडावर हात ठेवला. सगळ्या थांबल्या. माझं माणूस कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी माझ्याकडे बघेना. तुटलेलं टोक हातात धरून मी तिथेच खाली बसणार होते. गेलं, आता सगळं गेलं, एवढंच डोक्यात होतं. हसा खुशाल, पण मी बी.एस्सी. झालेली बाई आहे आणि मला अगदी तसंच वाटलं.

काकू पुढे आल्या. दोन्ही टोकं घेतली, गाठ मारली आणि दातांनी ओढून घट्ट केली.

“काय झालं एवढं?” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “माझंही तुटलं होतं. आमच्या ह्यांचं पोटाचं ऑपरेशन होतं त्या साली. असंच, पाचव्याच फेऱ्याला. गाठ मारली आणि सात पुरे केले. ते बघ समोर, ओटीवर पेपर वाचतायत. चल, पुढे हो!”

समोर काका खरंच पेपर वाचत होते. दुसरं कुणी हे सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, समजूत काढतेय. पण काकू! मी चालायला लागले. पाच. सहा. सात.

शेवटी हात जोडून प्रार्थना. “सावित्री ब्रह्मसावित्री सर्वदा प्रियभाषिणी, तेन सत्येन मां पाहि दुःखसंसारसागरात्.” त्या सत्याच्या बळावर मला तार, असा अर्थ. ‘तेन सत्येन’पाशी काकू अडखळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, उपासाने घसा सुकला असेल. “अवियोगस्तथास्माकं भूयात् जन्मनि जन्मनि” त्यांनी भरभर म्हणून टाकलं. मी वाण दिलं तर आंबा हुंगलाही नाही. बाजूला ठेवला.

तिसऱ्या दिवशी ह्यांचा फोन आला. जहाजावरची यंत्रणाच बिघडली होती. मी रडत रडत अनवाणीच काकूंकडे धावले. त्या भाजी चिरत होत्या. “बरं झालं,” म्हणाल्या, आणि विळीवरून उठून आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढे काकूंनी आंबा खाल्लेला कुणी पाहिला नाही. विचारलं तर, “सोडलाय.” का? “सोडलाय, झालं.” रक्तात साखर निघाली असेल, असं आम्हीच ठरवून टाकलं.

काकू गेल्या माघात गेल्या. ह्या वर्षी वटपौर्णिमेच्या सकाळी मी काकांना फळं द्यायला गेले. बोलता बोलता म्हटलं, “काका, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी काकूंचं सूत तुटलं होतं ना, त्याच आधारावर मी तरले हो.”

“कसलं ऑपरेशन?” काका म्हणाले. “माझ्या पोटाला अजून सुरी लागलेली नाही.” मग त्यांनी पाराकडे बघितलं. “त्या दिवशी घरात आली ती पाटावर बसूनच राहिली. म्हणाली, वडाखाली उभी राहून खोटं बोलले, आणि तेही तुमच्या जिवावर. मी म्हटलं, चांगलं केलंस. पण ऐकते कुठली! त्याच दिवशी आंबा सोडला. शेवटच्या आजारात मोसमातल्या पहिल्या आंब्याची फोड मी तोंडाशी नेली, तर मान फिरवली.”

सात-आठ वर्षं! रत्नागिरीत राहून, दारात दरवळणाऱ्या पेट्यांपुढून जाऊन! मी त्यांच्या ओटीवर बसून पोटभर रडले आणि मग तोंड धुऊन वडाकडे गेले, कारण आता पूजा सांगायचं माझ्याकडे आलं होतं.

चौथ्या फेऱ्याला एका नव्या सुनेचं सूत पारंबीत अडकून तुटलं. तिच्या नवऱ्याला मुंबईत हॉस्पिटलात ठेवलेलं. पोर पांढरीफटक पडली. मी दोन्ही टोकं घेतली, गाठ मारली, दातांनी ओढली.

“माझंही तुटलं होतं,” मी म्हटलं. “पाचव्या फेऱ्याला. ह्यांचा पत्ता नव्हता तेव्हा. आले घरी. चल, पुढे हो.”

ती चालायला लागली. मला खोटं बोलावं लागलं नाही. तेवढी सोय काकूंनी करून ठेवली होती.