सील गळायचं थांबलं, त्यानंतरचा खर्च

माझ्या भागीदाराने मला फसवलं. ऑडिटर बाईंनी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पनवेलच्या बाजारात नेमकं उलटं बोललं जातं. बाईंनी एक रेघ ओढली आणि माझी कंपनी माझ्या हातून गेली, असं लोक म्हणतात. रेघ बाईंनीच ओढली, आणि ती बरोबर जागी ओढली. ती तिथे यावी म्हणून जमीन कुणी सरकवली, ते मी सांगतो.

पळस्प्याच्या पुढे आमची शेड आहे. रासायनिक कारखान्यांच्या पंपांना लागणारी सील आम्ही बनवतो. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून आम्ल गळू नये म्हणून बसवायचा हा तुकडा. फिटर म्हणून सुरुवात करून मी उभी केलेली कंपनी ती. बाहेरून येणाऱ्या महाग सीलच्या तोडीचं सील इथे बनवायचं, हे मी मनावर घेतलं आणि त्यासाठी मुंबईचा एक भागीदार घेतला. करार असा होता की गेल्या आर्थिक वर्षात नफा ठरलेल्या आकड्याच्या खाली आला, तर माझे काही शेअर त्याच्याकडे जातील आणि कारभारही. तो आकडा खाली आणायला मी त्याच्याशी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "शेठ, तुम्ही भाजीवालीला रडवत असाल." मी म्हटलं, "भाजीवाली माझ्यापेक्षा पक्की आहे, म्हणून तर शिकलो."

त्याआधीचं वर्ष शोधाशोधीत गेलं. कुठलं रबर टिकतं, कुठलं फुगतं, हे बघण्यात. तो सगळा खर्च त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा झाला. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. शोध चालू असताना हाती काही लागेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र सील टिकलं. चाचणीचा पंप रात्रंदिवस चालवला, आणि एका सकाळी आमचा जुना फिटर खाली हात फिरवून म्हणाला, "सायेब, थेंब नाय." मी त्याच आठवड्यात चाचणीचा ॲल्युमिनियमचा साचा बाजूला ठेवून पोलादी साचा सांगितला. आमच्या धंद्यात खात्री असल्याशिवाय पोलादी साचा कुणी सांगत नाही. तिथून पुढे मोठ्या मापाची सील, निरनिराळ्या आम्लांतल्या चाचण्या, त्या कामावरच्या माणसांचे पगार, असा खर्च सुरू झाला. हा खर्च पुढची कित्येक वर्षं कमावून देणार होता, म्हणून आमच्या अकाउंटंटने तो नफ्यातून वजा न करता मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवला. त्या हिशोबाने नफा आकड्याच्या वर होता.

ऑडिटर बाई कामोठ्याहून स्कूटरवर यायच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, हिला चहा-बिस्किटात पटवू. त्यांनी चहा घेतला आणि थेट शेडमध्ये गेल्या. पंप चालू करायला लावला, सीलखाली कोरा कागद धरला आणि उभ्या राहिल्या. कागद कोरडाच राहिला. "छान केलंय," एवढंच म्हणाल्या. मग फिटरला विचारलं, साचा कधी आला, आधीचा कुठे आहे. पोलादी साचा यंत्रसामग्रीत वेगळा दाखवला आहे ना, हेही पाहून घेतलं. कुणी माझं काम इतक्या नीट पाहिलं नव्हतं.

बैठकीला भागीदारही आला. त्याचं म्हणणं, सगळाच खर्च नफ्यातून वजा करा. "अजून एक सील विकलं गेलं नाही. मालमत्ता कसली?"

बाई म्हणाल्या, "विक्रीची वाट बघायची अट नाही, साहेब. सगळ्या अटी पूर्ण झाल्या की त्यापुढचा खर्च मालमत्तेत घ्यावाच लागतो. तुमच्या मर्जीचा प्रश्न नाही."

मला टाळी वाजवावीशी वाटली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"प्रदर्शनातला स्टॉल आणि ऑपरेटरचं प्रशिक्षण मात्र खर्चातच जाईल."

"अहो बाई," मी म्हटलं. "अर्धं तरी मालमत्तेत ठेवा."

"हा मासळीबाजार नाही, काका."

भागीदार हसला.

"सील जमतं हे उन्हाळ्यात सिद्ध झालं," त्या म्हणाल्या. "विकायचा इरादा आहे, गिऱ्हाईक आहे, खर्चाची नोंद वेगळी आहे. हे सगळं मान्य. पण काम शेवटाला नेण्याइतका पैसा तेव्हा तुमच्याकडे होता का?"

"यांच्याकडे होता! गणपतीला माझ्या घरी बसून यांनी शब्द दिला."

"बँकेने कर्जाची लेखी तयारी दाखवली होती?"

"बँकेचा माणूस स्वतः आला होता. यांनीच मला थांबवलं. 'बँकेकडे कशाला जाता, मी आहे ना,' म्हणाले."

बाईंनी भागीदाराकडे पाहिलं. "तुमचा पैसा तेव्हा पक्का होता?"

तो चष्मा पुसत म्हणाला, "माझा विचार चालू होता. पैसे द्यायचा ठराव वर्ष संपत आलं तेव्हा झाला. त्याआधी मी बांधील नव्हतो."

मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी कागद उचलून धरले आणि मी थांबेपर्यंत थांबल्या.

"काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण लागतात. पैशाची अट सर्वांत शेवटी पूर्ण झाली, ठरावाच्या दिवशी. त्यापुढचा खर्च मालमत्तेत, त्याआधीचा नफ्यातून वजा. आणि एकदा खर्ची गेलेलं पुढच्या वर्षी उचलून मालमत्तेत आणता येत नाही."

"यामुळे काय होईल, ठाऊक आहे तुम्हाला?"

"करार वाचलाय मी. म्हणून तर दोनदा तपासलं. ह्यांनी फसवलं असेल तर ते कोर्टात मांडा. ताळेबंदात त्याला जागा नाही."

नफा आकड्याच्या खाली आला. थोडासाच, पण करारात थोड्याशाला वेगळा शब्द नव्हता.

मी आयुष्यभर माणसं वाकवली आहेत. पुरवठादार, गिऱ्हाईक, जकातीवाले, सगळे कुठेतरी वाकले. या बाई दोन्ही बाजूंनी ओढल्या गेल्या आणि तसूभर हलल्या नाहीत. माझं नुकसान झालं तरी त्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की मी भांडतो. गेल्याच आठवड्यात माझ्या अकाउंटंटशी त्यावरून वाजलं.

आता माझ्या खुर्चीत भागीदाराचा पुतण्या बसतो. मी शेडमध्ये असतो, चाचणीच्या पंपाशी. सील कोरडं आहे आणि त्याची विक्री जोरात आहे.

म्हणून विचारतो, भागीदारसाहेब. पैसा तुमच्याकडे पडून होता. सील टिकल्याचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. पैशाची ही अट मला माहीत नव्हती, पण तुमच्या सल्लागारांना होती. मग बँकेच्या माणसाला तुम्ही माझ्या दारातून परत का पाठवायला लावलंत, आणि ठरावावरची सही पावसाळा, दसरा, दिवाळी उलटून वर्ष संपत येईपर्यंत का अडवलीत? फोनवर नको, वकिलामार्फत नको. शेडमध्ये या, त्या चालू पंपासमोर, फिटरच्या देखत उभे राहा आणि उत्तर द्या.