शोधातून वगळलेली पत्रिका

“जाताना सगळं पुसून गेला तो. झाडू मारल्यासारखं.”

अण्णा हे मला सांगत नव्हते. काउंटरपलीकडे बसलेल्या बाईंना सांगत होते. पण मल्लेश्वरममधलं आमचं लग्नपत्रिकांचं दुकान एवढं अरुंद, की काउंटरवरचं बोलणं मागच्या टेबलापर्यंत न बोलावता येतं. मी मान खाली घालून एका मुंजीच्या आमंत्रणातली वेलांटी दुरुस्त करत राहिले.

‘तो’ म्हणजे माझ्या आधीचा डिझायनर. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याची खुर्ची मात्र माझ्या वाट्याला आली होती, आणि खुर्चीवरची उशीसुद्धा, जी अक्कांनी त्याच्यासाठी शिवली होती. अण्णा मालक, अक्का त्यांच्या पत्नी, आणि दोघांनी त्याला कित्येक वर्षं घरच्या मुलासारखं वागवलेलं. मग घर दूर पडतं म्हणून त्यानं के. आर. पुरमला दुसरी नोकरी धरली. थोड्याच दिवसांत अण्णांनी एक जुनी पत्रिका शोधली, ती सापडली नाही. दुसरी शोधली, तीही नाही. तेव्हापासून त्याचा फोन आला की अण्णा तो वाजू देत. अक्का मात्र उशी बदलू देत नसत.

काउंटरपुढच्या बाईंचं काम साधं होतं आणि फार नाजूकही. त्यांच्या थोरलीची पत्रिका आमच्याकडे छापली होती, आता धाकटीचं लग्न होतं, आणि त्यांना तीच पत्रिका हवी होती. शब्द तेच, मराठी, कानडी आणि इंग्रजी तेच, आणि मुख्य म्हणजे वडीलधाऱ्यांच्या नावांचा क्रम तोच. फक्त नवरा-नवरी आणि मुहूर्त बदलायचा.

“तो क्रम ठरवताना आमच्या घरात दोन काका एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते,” बाई म्हणाल्या. “शेवटी तुमच्या त्या मुलानंच तोडगा काढला. कोण कोणाच्या खाली आलं, मला आता आठवत नाही. पुन्हा विचारायला गेले तर पुन्हा तेच भांडण.”

घरात एकही प्रत उरलेली नव्हती. फोनमध्ये फोटो होता तो फक्त वरच्या गणपतीचा.

अण्णा उठून माझ्या मागे आले. शोधण्याची त्यांची एकच पद्धत होती. स्क्रीनच्या खालच्या पट्टीतल्या शोधाच्या चौकटीत एका बोटानं आडनाव टाईप करायचं. फोल्डर उघडून आत जाणं त्यांना मान्यच नव्हतं. “कपाटात हात घालून चाचपडायचं असतं तर मग कॉम्प्युटर कशाला घेतला?” असं ते म्हणत. त्या चौकटीत आलं तर आहे, नाही आलं तर नाही. त्यांनी आडनाव टाईप केलं. त्या नावाचं एक इंटरनेटवरचं मिठाईचं दुकान तेवढं आलं.

“बघा,” अण्णा म्हणाले. “म्हणजे नाहीच.”

बाईंचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत काहीतरी करू, असं अक्कांनी त्यांना सांगितलं, आणि त्या आठव्या क्रॉसच्या बाजारात बाकीची खरेदी उरकायला गेल्या.

त्या जाताच अण्णा अक्कांकडे वळले. इथल्याच शिवाजीनगरच्या एका प्रेसवाल्याचा सकाळीच फोन आला होता. आमच्या जुन्या डिझायनरला ते के. आर. पुरमहून आपल्याकडे घेणार होते, पगारही चांगला देणार होते, पण आधी अण्णांचा शब्द हवा होता, माणूस विश्वासाचा आहे का म्हणून. अण्णांनी संध्याकाळी सांगतो म्हटलं होतं.

“आता काय सांगू?” अण्णा म्हणाले. “दुकानाची वर्षानुवर्षांची कामं पुसून गेला, हेच सांगणार.”

“सरी,” अक्का म्हणाल्या. होकाराचा कानडी शब्द, पण होकार नव्हता. त्या चहा करायला आत गेल्या.

मला वाईट वाटलं, आणि न पाहिलेल्या माणसासाठी वाटलं याचं थोडं आश्चर्यही. कदाचित ती उशी. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी फक्त घरात बोललेली, आणि दुकानात नोकरी लागली ती घरचं मराठी येतं या एका भांडवलावर. जोडाक्षरं कशी बसवायची हे मी त्यानं टेबलावर चिकटवलेल्या नमुन्यांवरून शिकले होते. म्हणजे एका अर्थी तो माझा मास्तर होता.

मागे अशाच एका चहाच्या वेळी अक्कांनी मला एक जुनी गंमत सांगितली होती ती आठवली. एका घरातले एक काका रागावले, म्हणून त्यांचं नाव पत्रिकेतून काढलं. मग समेट झाला, नाव परत घातलं. छापायच्या दिवशी अण्णांनी चौकटीत आडनाव टाकलं तर दोन्ही मसुदे वर आले, आणि त्यांनी नेमका काका नसलेला उघडून छपाईला दिला. सगळा गठ्ठा वाया गेला. त्या दिवशी अण्णा म्हणे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले होते, की झालेल्या कामाचं काहीही मला या शोधात दिसता कामा नये. काका मात्र लग्नात सगळ्यांत जास्त जेवले. अक्का हे सांगताना डोळे पुसत हसत होत्या.

दिसता कामा नये. मी त्या शब्दांपाशी थांबले.

मुंजीची वेलांटी तशीच सोडून मी डी ड्राइव्ह किती भरलाय ते पाहिलं. जवळजवळ गच्च होता. मला रोजच्या कामासाठी ‘चालू’ नावाचं एक फोल्डर दाखवलं होतं आणि मी शहाण्यासारखी त्याच्याबाहेर कधी गेले नव्हते. ते फोल्डर तर छोटंसं होतं. सगळं पुसलं असेल, तर जागा कोण खातंय?

मी ‘चालू’मधून बाहेर पडून एकेक फोल्डर उघडत गेले. ‘पूर्ण कामं’ नावाचं एक होतं. त्याच्या आत दोन, ‘फायनल’ आणि ‘मसुदे’. त्या फोल्डरमध्ये उभं राहून मी वरच्या कोपऱ्यात बाईंचं आडनाव टाकलं. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली, कारण खालची चौकट फाइलींच्या ज्या आधीच तयार केलेल्या सूचीत बघते, तशी सूची इथे नव्हती, कॉम्प्युटर खरोखरच एकेक फाइल बघत होता. पट्टी अर्ध्यावर येते न येते तोच पत्रिका समोर आली. गणपती, दोन काका, क्रम, सगळं जागच्या जागी.

माझ्या तोंडून काही आवाज निघाला असावा, कारण अण्णांनी विचारलं, “काय ग पुट्टी?” लहान मुलीला कानडीत म्हणतात तसं ते मला म्हणत. मी म्हटलं काही नाही. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही ही माझी जुनी सवय, आणि खात्री झाल्यावरही न बोलण्याची त्याहून जुनी.

सेटिंग्जमध्ये शोधाचं पान उघडलं. सूची सगळ्या कॉम्प्युटरची होत होती, आणि खाली वगळलेल्या फोल्डरांची यादी होती. तिच्यात ‘पूर्ण कामं’ होतं. बस, एवढंच. त्यानं काही पुसलं नव्हतं, काही नेलं नव्हतं. मालकानं सांगितलं तसं केलं होतं, की झालेलं काम शोधात दिसू नये. फोल्डर वगळलं की त्याच्या पोटातलं सगळंच सूचीतून जातं, म्हणून मसुद्यांबरोबर फायनलही दिसेनाशी झाली. फाइली जिथल्या तिथेच होत्या. तो होता तोवर जुनी पत्रिका तोच फोल्डरमधून काढून देत असणार, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. अण्णा मात्र आपलं ओरडणं छपाईच्या बिघडलेल्या गठ्ठ्याबरोबरच विसरून गेले होते.

मी ‘पूर्ण कामं’ त्या यादीतून काढलं आणि त्याच्या जागी फक्त ‘मसुदे’ वगळलं, म्हणजे रागावलेले काका पुन्हा उगवायला नकोत. मग सूची नव्यानं बनू लागली. किती फाइली बाकी आहेत तो आकडा पानावर दिसत होता आणि हळूहळू उतरत होता. आम्ही अक्कांचं चित्रान्न, म्हणजे शेंगदाणे घातलेला लिंबाचा भात, खाल्लं. आकडा उतरत होता. अण्णा शिवाजीनगरला काय बोलायचं ते मनात जुळवत होते, ओठ हलत होते. मी डब्यातले शेंगदाणे वेचत मनात दुसरीच वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य इंग्रजीत सुरू होऊन मराठीत अडत होतं.

बाई पिशव्या घेऊन परतल्या तेव्हा आकडा शून्यावर आला होता. “अण्णा, स्वल्प परत एकदा शोधून बघा ना,” मी म्हटलं. दुकानात ‘जरा’च्या आधी कानडी शब्द माझ्या तोंडी येतो, त्याला धीर लागत नाही.

अण्णा कुरकुरत आले. एका बोटानं आडनाव टाकलं. शेवटचं अक्षर पुरं व्हायच्या आत यादीत पत्रिका होती, आणि तीही एकच, फायनल. त्यांनी उघडली. बाई काउंटर ओलांडून आत आल्या, चष्मा लावून नावं वाचली आणि म्हणाल्या, “हां, थोरले डावीकडे, धाकटे उजवीकडे, एकाच ओळीत. म्हणजे कुणी कुणाच्या खाली नाही.” मग त्या इतक्या हसल्या की एक पिशवी कलंडली आणि लिंबं माझ्या टेबलाखाली गेली.

अण्णांनी आणखी चार आडनावं टाकून पाहिली. चारही आली. ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी विहिरीत पडलेला हंडा काढला होता. बाईंना सांगू लागले की आजकालची मुलं बघा, पुसलेलं परत आणतात, त्यानं घालवलं आणि हिनं आणलं. अक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खरं सांगायचं तर ते छान वाटत होतं. दुकानात इतके महिने कुणी माझ्याबद्दल एवढ्या मोठ्या आवाजात बोललं नव्हतं. गप्प बसले असते तरी कुणाला कळलं नसतं.

तेवढ्यात शिवाजीनगरचा फोन वाजला. अण्णांनी नाव पाहून आवाज जड केला. “हां, बोला. तुमच्या त्या माणसाबद्दल ना? आता काय सांगायचं, असं बघा...”

मी उभी राहिले. लिंबू पायाखाली आलं, तरी उभी राहिले. अण्णांनी हातानंच, काय म्हणून विचारलं. अक्का माझ्याकडे बघत होत्या, बाई बघत होत्या, आणि फोनमधला अनोळखी माणूसही बहुधा कान देऊन होता.

“अण्णा, मी काही परत आणलेलं नाही,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला. “ते गेलंच नव्हतं. झालेलं काम शोधात दिसू नये असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी ते फक्त शोधातून वगळलं. एक फाइलसुद्धा पुसली नाही. माणूस विश्वासाचा आहे, असं सांगा त्यांना.”