मेडशीला वाचलेलं पत्र

उत्तमराव मॅनेजर माणूस शंभर नंबरी; पण कुणाच्या तोंडावर कडू बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा. कागदावर मात्र पठ्ठ्या वाघ होता.

१९४३ साल. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं होतं. वाशीमच्या दौलतराव मालकांच्या उतारू नेणाऱ्या तीन सर्व्हिस मोटारी, उत्तमराव त्यांचे मॅनेजर. त्यातल्या दोघींच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली आणि तिसरी उभी करून तिचे सुटे भाग या दोघींना वापरायचे असं ठरलं. साहजिकच माणसांची कामं बदलणार होती. माणसं मोजून सात, तीही वाशीमपासून मेडशीपर्यंत विखुरलेली. मालक म्हणाले, "एक कागद लिहा, समद्यायले वाचून दाखवा. खरं असन तेच लिहा."

उत्तमरावांनी लिहिलं : 'पेट्रोल केव्हा मिळेल हे आम्हांस ठाऊक नाही. शिरपूरची फेरी बंद होत आहे. तेथील एजंट जगदेव यांस वाशीम स्टँडवर घेत आहोत. मेडशीचे एजंट पुंजाजी यांनी तिकिटांबरोबर कोळसा कोरडा राखण्याचे काम पाहावे. दिवाळीपर्यंत कोणासही काढणार नाही, कोणाचा पगारही कमी होणार नाही. त्यापुढचे वचन देत नाही, कारण ते पाळता येईल की नाही हे आज सांगता येत नाही. उकंडराव यांची नजर आता ड्रायव्हरकीस पुरत नाही. येत्या एक तारखेपासून त्यांची मोटार शिरपूर फेरीचे ड्रायव्हर लालसिंग चालवतील. उकंडराव वाशीमला दोन्ही भट्ट्या सांभाळतील व सर्वांस ते काम शिकवतील.'

शेवटचा मजकूर उकंडरावांना आधी स्वतः सांगायचा, असं उत्तमरावांनी ठरवलं होतं. तीन दिवस नुसतं ठरवण्यातच गेले. आणि रिवाज असा की वाटेवरच्या एजंटांचे कागद ड्रायव्हरच्याच हाती जायचे. मेडशीच्या वाटेवरचा ड्रायव्हर कोण, तर उकंडराव! शेवटी कागद खिशात घालून उत्तमराव स्वतःच मोटारीत त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

भट्टी पेटवून गॅस धरायला वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. वाटेत पंचफुला माळीण वांग्यांच्या टोपल्या घेऊन उभी होती. उकंडरावांनी मोटार थांबवली, खाली उतरून टोपल्या स्वतः टपावर चढवून दिल्या. बावीस वर्षं हा माणूस असाच. अशा माणसाला कसं सांगायचं?

मालेगाव सोडल्यावर उत्तमरावांच्या कानावर क्लीनर सेवालालचा आवाज आला. तो ड्रायव्हरच्या बाजूच्या पायफळीवर उभा राहून उकंडरावांना हळूच सांगत होता, "भाऊ, डाव्या हाताले गड्डा. म्होरं बैलबंडी हाय." नजर अधू झाली हे त्यांना ठाऊक होतं, पण इतकी?

मेडशीला पुंजाजीने रिवाजाप्रमाणे कागदासाठी हात पुढे केला. उत्तमराव म्हणाले, "थांबा, मीच वाचतो." उकंडराव, पुंजाजी, सेवालाल असे तिघं समोर उभे राहिले. कधी नव्हे ते उत्तमराव एक शब्द न गाळता वाचत गेले. उकंडरावांच्या नावाचा मजकूरही वाचला.

मग उकंडराव म्हणाले, "लिहिलं ते खरं हाय. पण एक तारीख काहून?"

"लालसिंग सुटीवर हाय, म्हणून."

"मंग आजपासून तारखेलोक माहे डोये बरे राह्यतीन काय? ह्या मोटारीत अकरा मानसं हायत, उत्तमराव. कागद खरा लिहा, नाही तं नोका लिहू."

उत्तमरावांची मान खाली गेली. सगळं खरं लिहिलं, असं ते स्वतःला समजावत आले होते आणि खोट होती ती नेमकी तिथे. त्यांनी पेन काढला, 'एक तारखेपासून' खोडलं आणि वर 'आजपासून' लिहिलं.

लालसिंगचा तांडा दोन कोसांवर. सेवालाल सायकलीवर त्याला आणायला गेला. उतारू कुरकुरले, उत्तमरावांनी सगळ्यांना चहा पाजला आणि दहा वेळा माफी मागितली. उकंडराव मात्र भट्टीपाशी बसून पुंजाजीला कोळसा कोणत्या आकाराचा घालायचा, ओला असला तर मोटार घाटात कशी दम टाकते, हे दाखवत राहिले.

लालसिंग आला तेव्हा उकंडराव चाकामागची आपली जागा सोडून मागच्या बाकावर बसले. उत्तमराव त्यांच्याशेजारी. आपण माणूस दुखावला, असं उत्तमरावांना वाटत होतं.

"उकंडभाऊ, घरी मनकर्णावहिनीले काय सांगान? पाह्यजे तं मी येतो संगं."

उकंडराव धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, "या ना. ते तं तुमचे पाय धरन. चार महिन्यापासून नवस बोलून राह्यली, का कोणी तरी माह्या धन्याले गाडीवरून उतरवा. माह्यानं सोताहून उतरनं होत नव्हतं हो."