दगडाची लोकर आणि आईची दुपार

ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात एक प्लास्टिकची खुर्ची असायची. ती आमची होती, आम्ही राहायचो मात्र तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली. मार्च लागला की आई जेवणं आटोपून, भांडी पालथी घालून खाली जायची आणि त्या खुर्चीत बसून दुपार काढायची. चारच्या सुमारास उन्हं कलली की वर यायची, तेव्हाही स्लॅब आग ओकतच असायचा. पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईला दुपारी घटकाभर आडवं व्हायला स्वतःचं घर मिळत नव्हतं. एकदा जिन्यातच तिला चक्कर आली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी दिली आणि बजावलं, दुपारी झोपायलाच हवं.

यातली गंमत म्हणजे आमच्या घरात उष्णता अडवण्याचा धंदा करणारी दोन माणसं होती.

एक बाबा. डोंबिवलीच्या केमिकल कारखान्यांत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं लॅगिंग केलं. लॅगिंग म्हणजे बॉयलरला, वाफेच्या पाइपांना रॉकवूल गुंडाळायचं आणि वरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा अंगरखा चढवायचा. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेली लोकर, जळत नाही की वितळत नाही, फक्त अंगाला खाज आणते. बाबांच्या कपड्यांतून ती घरी यायची. आई ते कपडे वेगळे भिजवायची, तरी तिचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. दुसरी मी. मानपाड्याच्या एका छोट्या कंपनीत मी साइट बघते. कोल्ड रूमची पॅनेलं, शेडची छपरं, गच्च्या. लोकांच्या आइस्क्रीमला गारवा द्यायचा आणि स्वतःची आई जिन्यात, याची मला लाज वाटायची. बाबांनाही वाटत असणार, पण ते बोलायचे नाहीत.

काम झालं की बाबा पत्र्यावर उलटा हात ठेवायचे आणि दहापर्यंत मोजायचे. हात न हलवता दहा आकडे झाले तर काम पास. लहानपणी माझा तापसुद्धा ते उलट्या हातानेच बघायचे.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं, "गच्चीवर मी रॉकवूल घालतो. यंदा तुझी आई खाली जाणार नाही."

"गच्चीवर रॉकवूल नाही चालत, बाबा," मी म्हटलं. "पाणी पितं ते. गच्चीवर एक्सपीएस लागतं."

एक्सपीएस म्हणजे थर्मोकोलचाच घट्ट भाऊ. गुलाबी रंगाचे कडक बोर्ड येतात. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बॉयलरला रद्दीचा कागद गुंडाळायला सांगितलाय.

"थर्मोकोल? टीव्हीच्या खोक्यात येतं ते? अगं, मी अख्खी एमआयडीसी गुंडाळलीय. पाऊस काय पाइपांवर पडत नव्हता?"

"पाइप गोल असतो. पाणी ओघळून जातं."

"मला शिकवू नको."

मग मीही गप्प बसले. मला राग पटकन येतो आणि तो आला की मी बोलायचं सोडून देते, ही माझी खोड. तेव्हा अजून दोन वाक्यं बोलले असते तर पुढचं टळलं असतं.

त्यांनी एकट्याने काम केलं आणि देखणं केलं. आमच्या घराच्या वरच्या भागात रॉकवूलच्या गाद्या अंथरल्या, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, एकावर एक चढवून स्क्रूने आवळलेला. सोसायटीचे चेअरमन बघायला आले आणि म्हणाले, विमान उतरवणार का? आणि खरं सांगते, त्या उन्हाळ्यात घर थंड राहिलं. पत्रा ऊन परतवायचा, उरलेलं लोकर अडवायची. एप्रिलमध्ये आई दुपारी दोन वाजता स्वतःच्या पलंगावर घोरत होती. बाबा स्टुलावर चढून छताला उलटा हात लावायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी हरले होते आणि मला हरायला आवडलं होतं.

मग पावसाळा आला आणि गेला. सपाट पत्र्यावर पाणी साचून राहिलं, स्क्रूच्या भोकांतून आणि पत्र्यांच्या जोडांतून आत उतरलं. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच नव्हती, कारण वर पत्रा होता. गणपतीनंतर आईच्या पलंगाच्या वर ओलीचा डाग दिसला. बाबांनी पत्रा उचलला तेव्हा मी शेजारी उभी होते. लोकर चहात बुडवलेल्या पावासारखी झाली होती. उचलायला गेलं की तुटत होती. खालच्या जुन्या कोब्याला, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थराला, चिरा होत्या आणि पाणी तिथून घरात येत होतं.

लोकर उष्णता अडवते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी भरलं की ती लोकर राहत नाही, नुसतं ओझं होतं. हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. गळक्या पाइपावरचं भिजलेलं लॅगिंग त्यांनी हजारदा सोलून काढलं होतं. फक्त आपल्या कामात पाणी शिरेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.

त्यांनी ते सगळं खाली उतरवलं आणि पुढे कितीतरी दिवस गच्चीवर गेले नाहीत. मार्चमध्ये आई एक शब्दही न बोलता खुर्ची घेऊन पुन्हा पहिल्या मजल्यावर गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाबा दुपारभर घरातच घामाघूम होत बसायचे. "तुम्ही पण या की खाली," आई म्हणायची. ते जायचे नाहीत. मला त्यांची इतकी दया आली की माझा राग कुठल्या कुठे गेला.

एका रविवारी मी सॅम्पलची पिशवी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर बाबांनी बादली भरून घेतलेली. रॉकवूलचा तुकडा, पांढऱ्या थर्मोकोलचा, गुलाबी एक्सपीएसचा आणि पिवळ्या पफचा, म्हणजे कोल्ड रूमच्या दोन पत्र्यांमध्ये भरलेला असतो त्या फोमचा, असे चार तुकडे. आधी आईच्या स्वयंपाकाच्या काट्यावर वजन केलं, मग जाळीखाली घालून वर वरवंटा ठेवून चारही बुडवले.

"माझा वरवंटा!" आई ओरडली.

"गुरुवारी मिळेल," बाबा म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा चारही तुकडे ओट्यावर रांगेत मांडलेले होते. रॉकवूल दाबलं की पाणी गळत होतं. पांढऱ्या थर्मोकोलने दाण्यांच्या फटीफटीत थोडं घेतलेलं. पुन्हा वजन केल्यावर पफचा काटा जेमतेम हलला होता, गुलाबीचा जवळजवळ नाहीच. बाबांनी गुलाबी तुकडा हातात घेतला, अंगठ्याने दाबून बघितला, मग सरळ गॅस पेटवून त्याचा कोपरा ज्योतीवर धरला. तो आक्रसला, पेटला, काळा धूर निघाला. आईने तोंडाला पदर लावून आम्हा दोघांचा उद्धार केला.

"बघितलंस?" सिंकमध्ये तुकडा टाकत बाबा म्हणाले. "हे मी माझ्या बॉयलरजवळ उभं करणार नाही."

"मीही नाही करणार. गच्चीवर ते उघडं नसतं, बाबा. खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर हा बोर्ड, त्यावर दोन इंच सिमेंट. ऊनही लागत नाही आणि आगही."

"मग पफ का नाही?"

"गच्चीवर फवारतात. पण वरचं कोटिंग निघालं की ऊन त्याला खातं. आणि आपल्याकडे बायका पापड घालायला येतात, पाय पडणारच. पफ कोल्ड रूमच्या पॅनेलमध्येच बरा."

त्यांनी ओल्या लोकरीचा तुकडा उचलला. "आणि हिची जागा कुठे?" त्यांनी विचारलं. त्या प्रश्नात लोकर किती होती आणि ते स्वतः किती, हे मला कळलं.

"पश्चिमेची भिंत," मी म्हटलं. ती दुपारी एक वाजल्यापासून तापते. "आतून फ्रेम मारू, त्यात रॉकवूल, वरून जिप्समचा बोर्ड. तिथे पाणी नाही. बाहेरच्या भेगा आधी भरून घेऊ. आतलं रॉकवूलचं काम माझ्या माणसांना जमणार नाही. तुमच्यासारखं तर नाहीच."

ही थोडी लाडीगोडी होती, पण खोटी नव्हती.

इंजिनिअरला विचारून आधी जुना फुटका कोबा काढला, म्हणजे स्लॅबवरचं ओझं वाढलं नाही. मग उताराचं प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, आणि ते टिकतंय का बघायला गच्चीवर पाणी भरून ठेवलं. बाबा रोज सकाळ-संध्याकाळ घरातल्या छताकडे मान वर करून उभे. डाग आला नाही. मग गुलाबी बोर्ड बसवले, त्यांवर कापड, जाळी, सिमेंट आणि पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. माझ्या माणसांनी बोर्डांमध्ये बोटभर फट ठेवली तेव्हा बाबाच कडाडले, "फट ठेवलीत तर ऊन तिथूनच येणार. पाइप काय, गच्ची काय!" पोरांनी निमूट बोर्ड सरकवले. मी तोंड फिरवून हसले.

भिंत त्यांनी एकट्याने केली. रॉकवूल ते भाकरी तव्यावर टाकावी तसं अलगद फ्रेममध्ये बसवत होते, कुठे दाबलेलं नाही, कुठे पोकळ नाही. या वेळी त्यांनी कपडे बाहेरच झटकले आणि बादलीत स्वतः भिजवले. आईने ते बघितलं आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

एप्रिलच्या मध्याला मी सुट्टी घेतली. दुपारचे अडीच वाजलेले. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली, पंखा तीनवर. खोली काही काश्मीर झाली नव्हती, पण छतातून डोक्यात उतरणारी ती धग नव्हती. बाबांनी आवाज न करता स्टूल आणलं, चढले, छताला उलटा हात टेकवला. मी मनात मोजायला लागले. दहा झाले. बाबांचा हात तिथेच. पंधरा. वीस. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"अहो," आई भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "पास झालं ते. उतरा आता, मला झोपू द्या."

ते उतरले. स्टूल जागेवर ठेवलं, चपला घातल्या आणि खाली जाऊन पहिल्या मजल्यावरची खुर्ची वर घेऊन आले.