सोबत एक चादर आणावी

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने नोकरी सोडून नवा रायपूरच्या पलीकडे शेत घेतलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. शेतातल्या वडावरचं आग्या मोहोळ दिसेपर्यंत. परातीएवढं काळं पोळं उंच फांदीला लटकलेलं, आणि त्याच्यावरून मधूनच एक थरथर जायची. माशी दिसत नव्हती, फक्त कातडी हलल्यासारखं वाटायचं.

बहिणीला लहानपणी एक साधी मधमाशी चावली होती. तेवढ्याने तिचा गळा सुजला, श्वास शिटीसारखा वाजायला लागला. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, पुढच्या वेळी नशिबावर सोडू नका. हे भाऊजींना लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

शेतावर सहलीचा पहिला रविवार ठरला. छत्तीसगडात हुरडा कुणी खात नाही, भाताचा मुलूख हा. भाऊजींनी मुद्दाम तुकडाभर ज्वारी पेरली होती, कारण रायपुरात समता कॉलनीतली आपली नागपूर-अमरावतीकडची माणसं हुरड्याच्या नावाने जीव टाकतात. जाहिरातीला शेताचा फोटो भाऊजींनी काढला, त्याखालचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं:

‘या रविवारी मळ्यात या! सकाळी पोहे-चहा, बैलगाडीची फेरी, भाजी तोडणं, पोरांना झोके. दुपारी चुलीवरची भाकरी, झुणका, वांग्याची भाजी, ठेचा, ताक. ऊन उतरल्यावर खळ्यावर गरम हुरडा, दही आणि शेंगदाण्याची चटणी. मोठ्यांना सहाशे रुपये, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना तीनशे, त्याहून लहानांना काही नाही. शुक्रवारपर्यंत कळवा. टोपी, बंद चपला, पाण्याची बाटली, मुलांचे जादा कपडे, आपली रोजची औषधं आणि माणशी एक चादर आणावी. अत्तर लावून येऊ नये.’

भाऊजींनी ‘खळ्यावर’ काढून ‘वडाच्या सावलीत’ केलं.

मी तडक फोन लावला. “भाऊजी, आगटीचा धूर सरळ वर जाईल. डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

“ताई, चार वर्षांपासून लटकून राहिलं ते. कोणाले काई केलं? खळ्यावर फोटो तरी काय येते?”

“आणि हिला?”

“तिले मी दूर बसवतो न.”

मग बहिणीने फोन घेतला. “जाऊ दे ताई. पहिलाच रविवार आहे त्यांचा. काहून अपशकुन करून राहिली?” तिचा आवाज लहानपणी आईपासून ताप लपवताना यायचा तसा होता. मला तिचा राग आला, अजूनही येतो.

चादरीची ओळ मात्र भाऊजींनी राहू दिली. त्यांना वाटलं, बसायला.

रविवारी माणसं वेळेवर आली. पोरं बैलगाडीत चढली, भाकऱ्या संपल्या, सगळे खूश. मी जेवले नाही. सारखी वर बघत होते. दुपारनंतर वारा पडला. पान हलत नव्हतं.

हुरडा भाजायची वेळ झाली. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं किती ठेवायची, कधी काढून चोळायची, हे तिथे बहिणीलाच येत होतं. भाऊजींनी दोन कणसं जाळली, लोक हसले आणि ती उठून आगटीपाशी गेली. मी चादर घेऊन तिच्या मागे जाऊन बसले.

“तुझी चादर कुठं आहे?” मी विचारलं.

तिने मान वळवली. झोक्यांजवळ एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. “ते लोक विसरून आले. पाहुण्याले कसं नाही म्हणायचं?”

धूर सरळ खांबासारखा वर चढत होता. मग वरून आवाज आला. लांबून ट्रक यावा तसा, पण तो जवळ येत नव्हता, खाली येत होता.

“चादरी ओढा!” मी ओरडले. लोकांनी ओढल्या. त्या बाईने बाळाला पोटाशी धरून बहिणीच्या चादरीत गुंडाळून घेतलं. मी बहिणीला खाली पाडून माझी चादर दोघींवर घेतली. आत अंधार, धुराचा वास आणि बाहेर ती घरघर. मला दहा-बारा डसल्या असतील. तिला एकच, मानेवर.

“ताई,” ती म्हणाली, “बाळ बरं आहे न?”

मग शिटी वाजायला लागली.

भाऊजी सुजलेल्या डोळ्यांनी गाडी चालवत होते. रस्ता रुंद, सरळ, रिकामा, आणि संपता संपत नव्हता. शहरात शिरताना तेलीबांध्याचं तळं दिसलं तेव्हा शिटी थांबली. क्षणभर मला वाटलं, उतार पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि चादर तिच्या तोंडावर ओढली.

तो मजकूर आम्ही काढून टाकला, पण लोकांनी पुढे पाठवला होता. हिवाळा आला की अजून फोन येतात. पुढचा हुरडा कधी, विचारतात. भाऊजी म्हणतात, बंद केलं. काहून, असं विचारलं की फोन माझ्या हातात देतात.