घटाकाश आणि शेडचं कुलूप

वडिलांच्या जलदान विधीला, म्हणजे मरणानंतरच्या बौद्ध विधीला, आप्पांनी बोलावं, हा आईचा हट्ट. मी नको म्हणाले होते. आप्पा म्हणजे दौंड तालुक्यातल्या आमच्या गावचे बागायतदार, निवृत्त शिक्षक, पंचायतीचे सदस्य आणि वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. सुट्टीला गावी आले की दोघं नदीवर बसून वेदान्त की बुद्ध यावर तासन्तास भांडायचे. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार आठ दिवसांपूर्वीची होती, वडिलांना जाळलं त्या दिवसाची.

गावच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे, सरकारी निधीतली. तिला कुलूप, किल्ली पंचायतीकडे. आमच्या बौद्ध वस्तीतलं माणूस गेलं की ती किल्ली सापडत नाही. त्या दिवशी पावसाची झड होती. आम्ही वडिलांना नदीकाठी, ओल्या लाकडांवर, वर ताडपत्री धरून जाळलं. आप्पा छत्री घेऊन शेजारी उभे होते. हळूच मला म्हणाले, आत्ता विषय काढू नकोस, लोक बिथरतील.

आणि हेच आप्पा त्रिशरण-पंचशील झाल्यावर उभे राहिले आणि घड्याचा दृष्टान्त देऊ लागले. घडा फुटतो, आतलं आकाश फुटत नाही. ते मोठ्या आकाशापासून वेगळं कधी नव्हतंच. तसा देह गेला, आत्मा गेला नाही, तो ब्रह्मच आहे. जात, गाव, वस्ती हे भेद म्हणजे अंधारात दोरीवर दिसलेला साप. उजेड आला की साप मरत नाही, तो नव्हताच हे कळतं. शेवटी म्हणाले, तुमचे बुद्ध आणि आमचा वेदान्त एकच सांगतात, ‘मी’पण सोडा.

मी जागेवरून उठले. एकच नाही सांगत, म्हणाले. देह म्हणजे मी नाही, मन म्हणजे मी नाही, इथवर दोघं बरोबर चालतात. पुढे वेदान्त म्हणतो, हे सगळं पाहणारा जो साक्षी उरतो, न बदलणारा, सर्वांत एकच, तो तू. बुद्ध म्हणतात, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान म्हणजे जाणीव, पाचही तपासून बघा. ते पाहणंसुद्धा कारणानं उपजतं आणि मावळतं. मागं कुणी साक्षी बसलेला नाही. म्हणून माझे वडील संपले, काही उरलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी विधीला वाटायच्या पत्रकातही छापलं होतं, शिरूरहून पाचशे प्रती काढून. विधी चालवणाऱ्या बौद्धाचार्यांनी मला तिथंच थांबवलं. हा उच्छेदवाद झाला, बुद्धांनी तोही नाकारलाय, म्हणाले. एका ज्योतीनं दुसरी लावली तर ती तीच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. पाचशे प्रती चुकीच्या. मला त्यांचाही राग आला, आणि ते बरोबर होते म्हणून जास्तच आला.

आप्पांनी संधी साधली. “मग पोरी, आत्माच न्हाई, तर त्या दिवशी अपमान कुणाचा झाला?”

मागची दोनचार माणसं हसली.

“वेदनेला मालक लागत न्हाई, आप्पा. कारण लागतं. कारण असलं की ती होते, कारण काढलं की थांबते. कुलूप हे कारण हाय. आन् साप नव्हताच, तर कुलूप कुणाच्या भ्यानं लावलंय?”

आप्पा शांतपणे समजावू लागले. माया म्हणजे निव्वळ खोटं नव्हे. तिला आहे म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. परमार्थात भेद नाही, पण ज्ञान होईपर्यंत व्यवहारात तो धरून चालावं लागतं. शास्त्राप्रमाणे त्यात चूक काढता येणार नाही. माझं डोकं फिरलं ते त्यामुळंच. वरच्या मजल्यावर सगळ्यांना एकच आकाश, आणि किल्ली मात्र खालच्या मजल्यावर, तीही यांच्याच हातात! त्यांना परमार्थ कळला असेल तर व्यवहार बदलायला कुठलं शास्त्र आडवं येत होतं? आडवी होती ती निवडणुकीतली गावची मतं.

मी आणखी काही बोलणार तोच फोटोशेजारी बसलेली आई बोलली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चारचौघांत निघाला.

“आप्पा, ते कुठं गेले ते तुमी दोघं ठरवा. तुमचं भांडण त्यांना आवडायचं म्हणून बोलावलं तुमाला. पर माजी पाळी येईल तवा ह्या पोरीनं ताडपत्री धरायची न्हाई.”

कुणी हसलं नाही. कुलूप कायमचं काढावं असा ठराव ग्रामसभेत मांडायला मी अर्ज लिहून आणला होता. तो आप्पांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचला, आणि एक शब्द सुचवला: ‘विनंती’. मी म्हणाले, ‘मागणी’च राहील. बराच वेळ त्यांनी पेन नुसतं धरून ठेवलं. मग सही केली, पंचायत सदस्य म्हणून, हुद्द्यासकट.

आईनं त्यांना जेवायला बसवलं. मी वाढायला गेले नाही.